चोर कोण? सॅम्पलिंग, हलगी आणि खोडलेली नावं



एप्रिल जवळ आला की आपल्या मावळात, देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत, दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात. पहिलं वाक्य साधारण असं: "ही रॅपवाली पोरं स्वतः काही करत नाहीत. जुन्या भीमगीतांचे तुकडे उचलतात, त्याखाली ठोका टाकतात आणि माझं गाणं म्हणून मिरवतात. ही कला नाही, चोरी आहे." हे बोलणारे सगळे बाहेरचे नसतात. त्यात पेटीवर बोटं झिजवलेले आपलेच ज्येष्ठही असतात.

दुसरं वाक्य रिमिक्सवाल्यांचं: "गाणं समाजाचं आहे. ते कुणाच्या मालकीचं नाही. आम्ही वाजवतो म्हणून नव्या पिढीपर्यंत पोहोचतं." एवढं बोलून ते व्हिडिओच्या मथळ्यात डीजेचं नाव मोठ्या अक्षरात टाकतात. गीतकाराचं नाव कुठेच नसतं.

मला या दोघांशीही भांडायचं आहे. दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा घेऊन नवं गाणं बांधणं ही चोरी नाही. नाव खोडणं ही चोरी आहे. आणि ती चोरी सॅम्पलरचं यंत्र येण्याच्या फार आधीपासून, पूर्ण कायदेशीरपणे चालू आहे.

आधी कसब समजून घ्या

11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत एका पोरीनं पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला कूल हर्क. नाचणारी पोरं गाण्याच्या एका ठरावीक जागेची वाट बघतात, हे हर्कच्या लक्षात आलं होतं. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ढोल वाजतो, ती ही जागा. तिला ब्रेक म्हणतात. अडचण अशी की ब्रेक पाच-दहा सेकंदांत संपतो.

हर्कनं त्याच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेतल्या आणि दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. पहिल्या तबकडीवर ब्रेक वाजून संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा, आणि तोवर पहिली तबकडी हातानं मागे आणायची. असं केलं की पाच सेकंदांचा तुकडा पाच मिनिटं चालतो. ग्रँडमास्टर फ्लॅश या पोरानं त्यात हिशेब आणला. ब्रेक कुठे सुरू होतो ते तो तबकडीवर खडूसारख्या पेन्सिलीनं खूण करून ठेवायचा, म्हणजे तबकडी नेमके किती फेरे मागे फिरवायची ते दिसे. कानाला हेडफोन लावून दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी स्वतः ऐकायची, हेही त्यानं बसवलं. त्यानंतर ग्रँड विझर्ड थिओडोरनं तबकडी सुईखाली पुढे-मागे घासून स्वतंत्र आवाज काढला. तो स्क्रॅच. ऐकण्याचं यंत्र तिथून वाजवण्याचं वाद्य झालं. या कलेलाच टर्नटेबलिझम म्हणतात.

ऐंशीच्या दशकात सॅम्पलर आले. डीजेचा हात जे करत होता ते आता स्मृतीत साठवता येऊ लागलं. पण स्मृती महाग होती. 1987 च्या एसपी-1200 या यंत्रात सगळे तुकडे मिळून जेमतेम दहा सेकंद मावत आणि एक तुकडा अडीच सेकंदांपेक्षा मोठा घेता येत नसे. मग पोरांनी युक्ती काढली. 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर पळवायची, म्हणजे साधारण 3.4 सेकंदांचा तुकडा अडीच सेकंदांत बसतो. साठवल्यावर यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. या उतरवण्यात आवाज थोडा फाटतो, खरखरीत होतो. त्या काळच्या हिप-हॉपची जी जाड, धुळकट गोडी आहे ती बरीचशी या टंचाईतून आली. आज हजारो रुपयांची सॉफ्टवेअरं त्या खरखरीची नक्कल विकतात.

तेव्हा "तयार गाणं उचललं" म्हणणाऱ्यांना विचारा: हजारो रेकॉर्ड ऐकून त्यातले चार सेकंद ओळखणं, ते कापणं, तुकड्यांचा क्रम बदलणं, त्याखाली नवा ठोका बसवणं, यातलं कोणतं काम तयार मिळतं?

ढोल वाजवणारा लेखक का नसतो?

1969 साली द विन्स्टन्स नावाच्या बँडनं "आमेन, ब्रदर" हे गाणं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. त्यात मध्येच ग्रेगरी कोलमन हा ढोलवादक चार आवर्तनं एकटा वाजवतो. साधारण सात सेकंद. हा तुकडा पुढे इतक्या गाण्यांत वापरला गेला की जगातल्या सगळ्यात जास्त सॅम्पल झालेल्या आवाजांत त्याची गणना होते. कोलमनला त्याचं मानधन मिळालं नाही. 2006 साली तो बेघर अवस्थेत वारला. जेम्स ब्राऊनच्या "फंकी ड्रमर" या गाण्यातला ठोका क्लाइड स्टबलफील्डचा. गाण्याचं नावच ढोलवाल्यावरून आहे, पण लेखक म्हणून नाव ब्राऊनचं, म्हणून रॉयल्टीही त्याच्याच खात्यात.

हे सॅम्पलिंग करणाऱ्यांनी केलं का? नाही. सॅम्पल होण्याच्या आधीच हे ठरलं होतं. ज्या कायद्यानं गाण्याची मालकी ठरते, त्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि कागदावर लिहिता येणारी चाल. ठोका हा त्या गाण्याचा नोकर. त्याला रोजंदारी मिळते, वाटा मिळत नाही.

जेम्स न्यूटन या कृष्णवर्णीय बासरीवादकाचं प्रकरण तर धडा म्हणून शिकवावं असं आहे. तो बासरीत फुंकतानाच गळ्यातून गातो, त्यामुळे एका वेळी अनेक स्वर निघतात. बीस्टी बॉईजनी त्याच्या "क्वायर" या रचनेतले सहा सेकंद घेतले. ध्वनिमुद्रणाच्या कंपनीला पैसे देऊन परवानगीही घेतली. न्यूटननं रचनाकार म्हणून दावा लावला. 2003 साली न्यायालयानं सांगितलं की रचना म्हणून तुझ्या मालकीचं जे आहे ते कागदावरचे तीन स्वर, आणि तीन स्वर म्हणजे दखल घेण्याजोगं काही नाही. फुंकण्याची ती खास रीत ध्वनिमुद्रणात येते, आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी कंपनीनं दिलेली आहे. सरळ मराठीत सांगायचं तर स्वर कागदाचे आणि श्वास कंपनीचा. न्यूटनचं काय? काही नाही.

"चोरी करू नको" हे कुणी कुणाला सांगितलं

17 डिसेंबर 1991 ला न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशानं रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीबंदीच्या आज्ञेनं केली आणि शेवटी प्रकरण फौजदारी कारवाईसाठी पाठवायची शिफारस केली. 2005 साली दुसऱ्या एका न्यायालयानं दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावर सांगितलं की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. तो तुकडा वाजवणाऱ्या फंकाडेलिक बँडच्या लोकांनी हा दावा लावलेला नव्हता. दावा त्यांचे हक्क ताब्यात असलेल्या कंपनीचा होता.

याचा परिणाम काय झाला? केम्ब्रू मॅक्लिऑड आणि पीटर डिकोला या अभ्यासकांनी हिशेब मांडला. पब्लिक एनिमीचा 1990 चा "फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट" हा अल्बम आजच्या परवाना दरांनी काढला, तर विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे तोटा होईल. म्हणजे शेकडो तुकड्यांची गोधडी शिवणारं संगीत बंद पडलं. एखाददुसरा महागडा तुकडा विकत घेऊ शकणारा श्रीमंत रॅपर तेवढा टिकला. चोरीविरुद्ध म्हणून आलेला कायदा गरिबाच्या हातातली कात्री काढून घेऊन गेला, आणि कोलमनला, स्टबलफील्डला त्यातून काहीच मिळालं नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. 2002 साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं "अ‍ॅडिक्टिव्ह" गाजलं. निर्माता डीजे क्विक. त्याखाली वाजत होतं लता मंगेशकरांनी गायलेलं, "ज्योती" चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं "थोडा रेशम लगता है". कुणाचंच नाव नव्हतं, परवानगी नव्हती. इथे नाव खोडलं गेलं होतं आणि लाहिरींचा राग रास्त होता. सुरुवातीला न्यायालयानंही नावाशिवाय सीडी विकायला बंदी घातली. पण पुढे मालकीचा प्रश्न आला तेव्हा निष्कर्ष निघाला की भारतीय कायद्यानुसार चाल चित्रपट निर्मात्यासाठी केलेली, म्हणून हक्क लाहिरींचा नाहीच. नामवंत संगीतकाराची ही गत, तर त्याच गाण्यात ढोलक वाजवणाऱ्याबद्दल बोलायलाच नको.

विद्वान काय म्हणतात, आणि आपण त्यातून काय घ्यावं

या प्रश्नावर विद्यापीठांत बरीच चर्चा झाली आहे. त्यातले तीन धागे आपल्या कामाचे आहेत.

पहिला ट्रिशिया रोझ यांचा. 1994 च्या "ब्लॅक नॉइज" या पुस्तकात त्यांनी दाखवलं की ज्या संगीतशास्त्राचे निकष लिखित स्वरलिपीवर बेतलेले आहेत, त्याला ठोका, पोत आणि पुनरावृत्ती यातली बुद्धी दिसतच नाही. मग ते म्हणतं, यात काहीच घडत नाही. के. जे. ग्रीन या कायद्याच्या अभ्यासकानं 1999 साली याचीच दुसरी बाजू मांडली. कॉपीराइटची रचनाच अशी आहे की कृष्णवर्णीय कलावंतांची निर्मिती तिच्यातून गळून पडते.

दुसरा धागा जोसेफ श्लॉस यांचा. "मेकिंग बीट्स" या 2004 च्या पुस्तकासाठी ते वकिलांकडे न जाता बीट बनवणाऱ्यांकडे गेले. तिथे त्यांना एक कडक, अलिखित आचारसंहिता सापडली. दुसऱ्या निर्मात्यानं नुकताच वापरलेला तुकडा वापरायचा नाही, त्याला उष्टं खाणं समजतात. दुसऱ्याच्या हिप-हॉप रेकॉर्डवरून घ्यायचं नाही. आयत्या जमवलेल्या ब्रेकच्या संग्रहातून उचलायचं नाही, मूळ रेकॉर्ड स्वतः शोधायची. सगळे सगळं पाळत नव्हते, वाद घालत होते, पण नियम सगळ्यांना माहीत होते. ज्यांना चोर म्हटलं जातं त्यांच्यात नीतीची चर्चा न्यायालयापेक्षा बारीक चालते, हे यातून कळतं.

तिसरा धागा सावधपणे धरायचा आहे. 1967 साली रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंतानं लेखकाचा मृत्यू जाहीर केला. प्रत्येक मजकूर आधीच्या मजकुरांच्या धाग्यांनी विणलेला असतो, त्याचा एकच मालक-पिता नसतो, हा त्याचा मुद्दा. सॅम्पलिंगच्या बाजूनं हा युक्तिवाद फार वापरला जातो. अर्धा मलाही मान्य आहे. पण एक विचारा: लेखक मेला म्हणायची चैन कुणाला परवडते? ज्याचं नाव शतकानुशतकं छापलं गेलं त्याला. ज्याचं नाव अजून एकदाही लिहिलं गेलेलं नाही, त्याचा मृत्यू जाहीर करण्याआधी त्याचा जन्म तरी नोंदवा.

आपल्याला हे शिकायला पॅरिसला जावं लागत नाही. वेद अपौरुषेय, म्हणजे कुणीच लिहिले नाहीत, असं सांगितलं गेलं. कशासाठी? कर्ता नसला की जाब विचारता येत नाही. बाबासाहेबांनी "रिडल्स"मध्ये नेमकं त्यावर बोट ठेवलं. दुसरीकडे हलगी कोण वाजवतो हेही कुणी लिहिलं नाही. कशासाठी? नाव नसलं की वाटा द्यावा लागत नाही. एक बेनामीपणा सत्तेचा आणि एक बेनामीपणा सत्ताहीनाचा. "गाणं समाजाचं असतं" म्हणणारा रिमिक्सवाला या दोहोंतला फरक पुसतो.

चाल वर, नाव खाली

आपल्या परंपरेत उधारी लपवण्याची पद्धत नव्हती. जलशांच्या आणि भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका काढून बघा. गीताच्या वर छापलेलं असतं, "चाल:" आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. कधी लावणी, कधी भजन, कधी सिनेमाचं गाणं. लोकांच्या कानात बसलेली चाल घ्यायची आणि तिच्यात नवा विचार भरायचा, ही युक्ती होती. चाल कुठून घेतली ते उघड सांगायचं, ही रीत होती. हे सॅम्पलचं श्रेयच झालं.

आणि गीताच्या शेवटी नाममुद्रा. इंद्रायणीकाठी देहूत तुकोबांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफलं. ज्याला लिहिण्याचा अधिकारच नाकारला होता त्यानं आपलं नाव ओळीतच असं बसवलं की ते काढलं तर ओळ मोडते. वामनदादा कर्डकांनी तेच केलं. शेवटच्या कडव्यात "वामन" येतो. कागद हरवेल, छापणारा नाव गाळेल, पण गाणारा गाताना नाव घेईलच, अशी ही तजवीज.

आता जयंतीच्या ट्रकवर वाजणारं रिमिक्स ऐका. मुखडा येतो, एक कडवं येतं, आवाज चढत जातो, क्षणभर शांतता आणि मग धडाम ठोका. पुन्हा मुखडा. शेवटचं कडवं कधी ऐकलंत? ते कापलेलं असतं, कारण तोवर नाच संपतो. ज्या ओळीत वामन होता तीच ओळ गेली. वर "चाल:" नाही, खाली "वामन" नाही. मध्ये डीजेचं नाव मात्र तीनदा घुमतं. हे सॅम्पलिंग नव्हे. सॅम्पलिंग तुकडा निवडतं, इथे फक्त सही कापली जाते.

पण थांबा, आपली परंपराही पूर्ण स्वच्छ नाही. वर चाल, खाली कवी, आणि हलगी-ढोलकीवाला? पुस्तिकेतही नाही. ज्या कातड्याला शिवलं तर विटाळ, त्याच कातड्याचा आवाज मात्र प्रत्येक मिरवणुकीला हवा, ही गावगाड्याची रीत. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या हातांनी शतकानुशतकं वाजवलं आणि नाव "वाजंत्री". आपणही कॅसेटच्या कार्डावर "वाद्यवृंद" एवढाच शब्द छापून मोकळे झालो. आता बँजो पथकात ऑक्टोपॅड आला. त्याच्या रबरी चौकोनावर काठी मारली की हलगी वाजते. तो आवाज कधीतरी कुणाच्या तरी हातानं वाजलेला असतो. हात गेला, नाव गेलं, ठोका राहिला. आपल्या घरातला कोलमन हाच.

कामशेतच्या पोराचं उदाहरण घेऊ

समजा कामशेतच्या एका पोराला घरात ऐंशीच्या दशकातली भीमगीतांची कॅसेट सापडली. त्याला त्यावर रॅप करायचं आहे. तो काय करेल?

आधी तो गायक थांबतो ती जागा शोधेल. दोन कडव्यांच्या मध्ये ढोलकी मोकळी सुटते, चार आवर्तनं. केहरव्याच्या आठ मात्रा धरल्या तर बत्तीस मात्रा. तुकडा समेवर सुरू करून पुढच्या समेच्या अगदी आधी तोडायचा. एक मात्रा जरी कमी-जास्त झाली तर प्रत्येक फेरीला पाय अडखळतो. कापताना ध्वनीची लाट मधल्या रेषेवर येते तिथेच कापायचं, नाहीतर दर फेरीला "टक्" ऐकू येतं. गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात असेल तर ते चारच्या ठोक्यावर बसणारच नाही. तिथे रॅपनंच चाल बदलायला हवी.

यानंतर खरी गंमत आहे. माणूस घड्याळासारखा वाजवत नाही. रंगात आला की ढोलकीवाला चौथ्या आवर्तनात किंचित पुढे पळतो. पोरानं संगणकाच्या रेघांवर ठोके घट्ट बसवले की तुकडा आणि ठोका एकमेकांना ढकलायला लागतात. अशा वेळी दोन वाटा असतात. ढोलकीचा एकेक घाव सुटा करून रेघांवर चिकटवायचा, तर सगळं सरळ होतं आणि मरतं. किंवा ढोलकीला पुढे चालू द्यायचं आणि आपला ठोका तिच्यामागे न्यायचा. दुसऱ्या वाटेनं जाणारा पोरगा कबूल करतो की इथला ताल त्याचा नाही, त्या अनोळखी हाताचा आहे. रचनाकार कोण, याचं उत्तर कानाला असं मिळतं.

कायद्याचं उत्तर वेगळं आहे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा "कर्ता" म्हणजे निर्माता, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. म्हणजे कॅसेट कंपनी. तिचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. गीताचे शब्द वेगळे, त्यांचा हक्क कवीच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं. वामनदादा 2004 साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत, वारसांकडे किंवा ज्याला लिहून दिला त्याच्याकडे. आणि ढोलकीवाला? 1994 च्या दुरुस्तीपर्यंत वादक म्हणून त्याला या कायद्यात हक्कच नव्हता. 2012 च्या दुरुस्तीनं 38ब हे कलम आणलं. आपले हक्क विकून टाकले तरी, काही अपवाद सोडता, आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं हा हक्क कलाकाराकडे राहतो. कायद्याच्या व्याख्येत वादकही कलाकार आहे. हे कलम आपल्या किती वादकांना कुणी सांगितलं?

तेव्हा पोरानं काय करावं? कंपनीला विचारावं, कवीच्या घरी विचारावं. परवडत नसेल तर कॅसेट बाजूला ठेवावी आणि शेजारच्या वस्तीतला हलगीवाला बोलवावा. मुद्रण नवं असलं की जुन्या मुद्रणाचा प्रश्न येत नाही. त्याला दिवसाची मजुरी देऊन वाटेला लावू नये, गाण्यात वाटेकरी म्हणून लिहून घ्यावं. आणि व्हिडिओखाली साधी यादी द्यावी: शब्द कुणाचे, चाल कुठली, तुकडा कोणत्या मुद्रणातला, ढोलकी कुणाची. शोधूनही नाव मिळालं नाही तर "ढोलकी: नाव मिळालं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा" असं लिहावं. ती रिकामी ओळसुद्धा गप्प बसण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

कार्ल्याच्या खांबांवर काय लिहिलंय

हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कार्ल्याला जावं, आणि चैत्यगृहात उभं राहून खांब वाचावेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं ओसरीत कोरून ठेवलंय की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आपण पुरं केलं. आजच्या कायद्याच्या भाषेत हा निर्माता. पण त्याच्या नावानं बाकीची नावं पुसली नाहीत. आत अनेक खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकटाहून आलेले यवन आहेत. आणि दारापाशी सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, बापाच्या नावासकट. वेणुवासाचा मुलगा सामी, यानं दार केलं. पैसे देणाऱ्याबरोबर हातानं घडवणाराही दगडावर आहे.

आणि मौलिकता म्हणाल तर तो चैत्य लाकडी बांधकामाची नक्कल आहे. दगडाच्या छताला गरज नसताना लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. शेजारच्या भाजे लेण्यात हीच घडण आधी झालेली. कार्ल्यानं भाज्याची चोरी केली असं कुणी म्हणतं का?

शेवटचा साक्षीदार आपल्या सगळ्यांचा. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली, जी तेव्हा ग्रंथासोबत छापली गेली नाही. तीत त्यांनी साफ सांगितलं आहे की या ग्रंथात मौलिकतेचा दावा नाही, हे संकलन आहे, सामग्री अनेक ग्रंथांतून जुळवलेली आहे. अश्वघोषाचं नाव घेऊन ते सांगतात की काही प्रसंगांत त्याची भाषासुद्धा घेतली आहे. आपलं म्हणून त्यांनी सांगितलं ते मुख्यतः विषयांची मांडणी आणि सोपेपणा. कोट्यवधी लोकांचं आयुष्य ज्या ग्रंथानं बदललं त्याचा कर्ता स्वतःला जुळवणारा म्हणतो आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पहिल्यांदा घेतो.

रॅप करणाऱ्या पोरांना चोर म्हणणाऱ्यांनी ही प्रस्तावना वाचावी. आणि समाजाच्या नावाखाली वामनदादांचं शेवटचं कडवं कापणाऱ्यांनीही वाचावी. या जयंतीला मंडळांनी डीजेला आगाऊ रक्कम देताना एकच अट घालावी: गाणं पूर्ण वाजेल, शेवटच्या कडव्यासकट. आणि पथकात हलगी वाजवणाऱ्याचं नाव बॅनरवर येईल. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदारांच्या फोटोंमधून तेवढी जागा निघते.

जय भीम!